राइस मिलवाल्याला पटेल असा 45 सेकंदांचा शॉर्ट

रामटेक-मौदा भागात धान पिकतं, राइस मिलही आहेत. समजा, त्यांच्यासाठी धान सोलणाऱ्या रबर शेलरचा शॉर्ट करायचाय. मिलमालक घाईत मशीन घेत नाही, व्हिडिओ थांबवून आकडे बघतो. म्हणून मी स्क्रिप्ट मोजमापावरच उभी करतो.

पहिल्या 5 सेकंदांत एकच प्रश्न: कणी किती पडते? पुढच्या 10 सेकंदांत काट्यावर 50 किलो धान आणि ओलावा मीटरचा आकडा दाखवा. धान फार सुकं असेल तर दाणा जास्त तुटतो, त्यामुळे ओलावा न सांगता दिलेल्या कणीच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मग मशीन. 50 किलोला 3 मिनिटं लागली, म्हणजे तासाला 1 टन. पण मधे कट मारला की बघणाऱ्याला शंका येते. त्यापेक्षा स्टॉपवॉच फ्रेममध्ये ठेवून सलग शॉट 10 पट वेगाने चालवा, तो 18 सेकंदांत बसतो. वेग स्क्रीनवर लिहा.

उरलेल्या 12 सेकंदांत निघालेल्या तांदळातले 100 ग्रॅम घेऊन कणी तोला. 6 ग्रॅम भरली, तर 6 टक्के.

हा एकाच धानाचा निकाल आहे. म्हणून शेवटची ओळ: ‘तुमचं धान आणा, असंच मोजू.’