छायाचित्रावरून रंगाचा अंदाज

समजा, म्हैसूरमधील एका खोलीची भिंत रंगवायची आहे. तुमच्याकडे भिंतीचे समोरून काढलेले छायाचित्र आहे आणि त्यातील दार २१० सेंमी उंच आहे, हे माहीत आहे.

छायाचित्रात दाराची उंची ८४० पिक्सेल भरते, म्हणजे १ सेंमीला ४ पिक्सेल. भिंत १६०० पिक्सेल रुंद आणि १२०० पिक्सेल उंच आहे. म्हणून ती ४ मी. × ३ मी., म्हणजे १२ चौ. मी. दाराचे १.९ चौ. मी. वजा केल्यास सुमारे १०.१ उरतात. दोन हातांसाठी हे २०.२ होतात. डब्यावर 'एका हाताला लिटरमागे १० चौ. मी.' असे लिहिले असेल, तर २ लिटरपेक्षा किंचित जास्त रंग लागेल.

हे प्रमाण फक्त त्या भिंतीच्या प्रतलातच लागू पडते. कॅमेरा भिंतीपासून ४ मी. दूर आहे आणि दाराऐवजी तुम्ही भिंतीच्या ५० सेंमी पुढे असलेले कपाट मोजले, असे समजा. कपाट जवळ असल्याने मोठे दिसते. त्याच्या प्रमाणाने भिंत ४ ऐवजी ३.५ मी. रुंद निघते. उंचीही त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे क्षेत्रफळ सुमारे ९.२ चौ. मी. येते आणि रंग जवळजवळ पाव हिश्शाने कमी पडतो.

पडताळणीसाठी भिंतीच्या पायथ्याशी असलेली फरशी मोजा. ६० सेंमीची फरशी भिंतीलगत २४० पिक्सेल भरली पाहिजे. दाराच्या दोन्ही उभ्या कडा सारख्या उंचीच्या नसतील, तर छायाचित्र तिरके आहे; ते पुन्हा काढा.