पीएफ पासबुकातला तिसरा रकाना

पीएफचे पासबुक पहिल्यांदा उघडणाऱ्याला हटकून पडणारा प्रश्न असतो: माझ्या पगारातून इतके कापले जातात, मग कंपनी त्याच्या निम्मेच का भरते? नोकरी बदलून शिल्लक नव्या खात्यात आणली की दुसरा प्रश्न येतो: जुन्या पासबुकातले काही हजार रुपये नव्यात दिसत नाहीत, ते गेले कुठे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर पासबुकाच्या शेवटच्या, म्हणजे पेन्शनच्या रकान्यात आहे.

भोसरीतल्या एका कारखान्यातल्या स्टोअरकीपरचे उदाहरण घेऊ. तिचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 20,000 रुपये. त्यावर 12 टक्के, म्हणजे 2,400 रुपये तिच्या पगारातून कापले जातात. पासबुकात ते ‘Employee Share’ या रकान्यात येतात. कंपनीही तेवढेच, 2,400 रुपये भरते, पण ही रक्कम दोन वाटांनी जाते. कंपनीच्या वाट्यातला 8.33 टक्के भाग पेन्शन योजनेत जातो आणि तो जास्तीत जास्त 15,000 रुपये पगारावरच मोजला जातो. ही मर्यादा सप्टेंबर 2014 पासूनची. त्यामुळे 1,250 रुपये पेन्शनच्या रकान्यात पडतात आणि उरलेले 1,150 रुपये ‘Employer Share’ खाली दिसतात. कंपनीने काही बुडवलेले नसते. 1,150 आणि 1,250 ची बेरीज 2,400 च होते.

एखाद्याच्या पासबुकात पेन्शनचा रकाना कोरा आणि दोन्ही वाटे सारखेच असतील, तर तेही बहुधा बरोबरच असते. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफचा सभासद झालेल्या आणि तेव्हाच 15,000 पेक्षा जास्त पगार असलेल्या माणसाला पेन्शन योजनेत घेत नाहीत. त्याच्या कंपनीचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्येच जातात. आपली स्टोअरकीपर कमी पगारावर लागली होती, म्हणून ती पेन्शन योजनेत आहे.

पहिल्या दोन रकान्यांतले पैसे म्हणजे आपली बचत. त्यावर व्याज मिळते आणि ती जशीच्या तशी परत मिळते. तिसऱ्या रकान्यातले पैसे एका सामाईक पेन्शन निधीत जातात. त्यावर आपल्या नावाने व्याज जमा होत नाही. पुढे मिळणारे पेन्शनही या रकान्याच्या बेरजेवर ठरत नाही. नोकरीची किती वर्षे भरली आणि शेवटच्या काळात पगार किती होता, यावर ठरते. म्हणून शिल्लक सांगताना तिन्ही रकान्यांची बेरीज करू नये.

व्याजाचा हिशेब महिन्यागणिक होतो, पण जमा वर्षातून एकदाच होते. 2024-25 या वर्षाचा दर 8.25 टक्के होता. आपल्या स्टोअरकीपरच्या खात्यात त्या वर्षाच्या 1 एप्रिलला पहिल्या दोन रकान्यांत मिळून 2,00,000 रुपये होते असे समजू. दरमहा 2,400 आणि 1,150 मिळून 3,550 रुपये जमा होतात. ज्या महिन्यात पैसे जमा झाले, त्याच्या पुढच्या महिन्यापासून त्यांवर व्याज धरतात. म्हणजे एप्रिलचे व्याज 2,00,000 वर, मे महिन्याचे 2,03,550 वर, असे करत मार्चचे 2,39,050 वर. बाराही महिन्यांच्या शिलका मिळवल्या की 26,34,300 होतात. त्याला 8.25 ने गुणून 1,200 ने भागले की वर्षाचे व्याज येते: सुमारे 18,111 रुपये. वर्षअखेरची शिलकीवर 8.25 टक्के लावून पाहणाऱ्याला व्याज कमी दिल्यासारखे वाटते, ते याच कारणाने.

ही नोंद ‘Int. Updated upto 31/03/2025’ अशी दिसते. पण दर जाहीर होणे, त्याला अर्थ मंत्रालयाची मंजुरी मिळणे आणि कोट्यवधी खात्यांत नोंदी पडणे यात काही महिने जातात. तोपर्यंत नोंद दिसली नाही, तरी नुकसान होत नाही. ती कधीही पडली तरी 31 मार्चच्या तारखेनेच धरतात आणि पुढच्या वर्षाचे व्याज त्या रकमेसकट मोजतात.

घाबरायचे ते वेगळ्याच गोष्टीला. पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे, पण पासबुकात त्या महिन्याची ओळच नाही, असे झाले तर कंपनीने पैसे भरलेले नाहीत. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. ओळ उमटायला आणखी काही दिवस धरावेत. त्यानंतरही जागा रिकामी राहिली, तर आधी पगार विभागाला विचारावे आणि उत्तर मिळाले नाही, तर पगाराच्या चिठ्ठ्या जोडून epfigms.gov.in वर तक्रार नोंदवावी. काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथल्या बचतीचा हिशेब मात्र ट्रस्टकडेच मागावा लागतो.

आता आपली स्टोअरकीपर चाकणच्या दुसऱ्या कंपनीत लागते. तिचा बारा आकडी यूएएन तोच राहतो, पण मेंबर आयडी नवा मिळतो आणि त्याचे पासबुकही वेगळे उघडते. जुनी शिल्लक काही प्रकरणांत आपोआप नव्या खात्यात येते; नाही आली, तर सभासदांच्या पोर्टलवर ‘Online Services’ मध्ये ‘One Member – One EPF Account (Transfer Request)’ हा पर्याय आहे. आधार जोडलेल्या बहुतेक खात्यांना 2025 पासून यासाठी कंपनीच्या मंजुरीची गरज राहिलेली नाही.

तरीही अर्ज अडतात, आणि बहुतेकदा नोकरी सोडल्याच्या तारखेपायी. जुन्या कंपनीने ती भरलेली नसते. ‘View’ मधल्या ‘Service History’ त ती आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ‘Manage’ मधल्या ‘Mark Exit’ मधून ती आपल्याला स्वतः भरता येते. मात्र जुन्या कंपनीने शेवटचा पीएफ ज्या महिन्याचा भरला, त्याच महिन्यातली तारीख द्यावी. जुनी नोकरी सुटण्याची तारीख नवी लागण्याच्या तारखेनंतरची पडली, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखे दिसते आणि अर्ज परत येऊ शकतो.

हस्तांतरण झाले की जुन्या पासबुकाची शिल्लक शून्य होते आणि नव्यात ‘TRANSFER IN’ अशी ओळ उमटते. त्या ओळीत तिचा वाटा आणि कंपनीचा वाटा वेगवेगळे येतात, पेन्शनच्या रकान्यात मात्र शून्य असते. जुन्या पासबुकातले पेन्शनचे हजारो रुपये गेल्यासारखे वाटतात ते इथेच. ते आधीपासूनच सामाईक निधीत आहेत. खात्याबरोबर पुढे जातात ती नोकरीची वर्षे. ही वर्षे जुळलेली हवीत, कारण दरमहा पेन्शन मिळायला एकूण 10 वर्षे सेवा लागते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर करही लागू शकतो, आणि ती पाच वर्षे मोजताना हस्तांतरित केलेल्या खात्याची सेवा धरली जाते.

म्हणून अर्ज करण्याआधी जुन्या पासबुकाची पीडीएफ उतरवून ठेवावी. हस्तांतरण झाल्यावर दोन्ही वाट्यांच्या रकमा त्या पीडीएफशी ताडून पाहाव्यात. मधल्या महिन्यांच्या व्याजामुळे त्या थोड्या वाढलेल्या दिसतील, पण कमी दिसता कामा नयेत. पेन्शनसाठी जुळवायचे ते आकडे नव्हेत, तर ‘Service History’ तल्या तारखा.