दुसऱ्यांदा काहीच न बदलणारे गणित

प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगला 100, 200 आणि 300 ग्रॅमची वजने एकामागून एक टांगली आणि तिची लांबी 12, 13 आणि 17 सेंटिमीटर भरली, असे समजू. हे तीन बिंदू एका रेषेत बसत नाहीत. लघुतम वर्गाच्या पद्धतीने त्यांना सर्वांत जवळची रेषा काढली, की तिच्यावरच्या लांबी येतात 11.5, 14 आणि 16.5.

मोजलेल्या आकड्यांवरून रेषेवरचे आकडे देणारे काम एक मॅट्रिक्स करते:

```
 5/6   1/3  -1/6
 1/3   1/3   1/3
-1/6   1/3   5/6
```

पहिली ओळ वापरून पाहा: 12 चे पाच षष्ठांश म्हणजे 10, त्यात 13 चा तृतीयांश मिळवला आणि 17 चा षष्ठांश वजा केला, की 11.5. आता 11.5, 14, 16.5 हेच आकडे पुन्हा या मॅट्रिक्समधून काढले, तर तेच परत मिळतात. जे आधीच रेषेवर आहे ते आणखी कुठे सरकणार? म्हणून P² = P. असा गुणधर्म असलेल्या मॅट्रिक्सला प्रक्षेप मॅट्रिक्स म्हणतात.

या एका अटीतून बरेच काही हाती लागते. एखाद्या सदिशाला P फक्त λ पट करत असेल, तर दोनदा लावल्यावर तो λ² पट होईल. पण दोनदा लावणे आणि एकदा लावणे सारखेच. म्हणजे λ² = λ, आणि आयगेनव्हॅल्यू 0 किंवा 1 एवढीच असू शकते. एकवाले सदिश जसेच्या तसे राहतात, शून्यवाले पुसले जातात. आपल्या उदाहरणात पुसला गेलेला भाग 0.5, −1, 0.5 आहे. मोजमाप आणि रेषा यांतला फरक तो हाच.

कोणत्याही मॅट्रिक्सचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, आयगेनव्हॅल्यूंच्या बेरजेइतका असतो. इथे ती बेरीज म्हणजे किती एक आहेत याची मोजणीच, आणि तीच रँक. 5/6 + 1/3 + 5/6 = 2. रेषेला चढ आणि सुरुवातीची उंची अशा दोनच गोष्टी लागतात, म्हणून हे 2.

कर्णावरचा प्रत्येक आकडाही बोलका आहे. 300 ग्रॅमचे वाचन 6 मिलिमीटरने चुकले, तर रेषा त्या टोकाला 5 मिलिमीटर ओढली जाते. मधले वाचन तेवढेच चुकले, तर तिथे फक्त 2. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी या मॅट्रिक्सला 'हॅट मॅट्रिक्स' हे नाव दिले.

ट्रेस आणि रँक जुळले म्हणजे मॅट्रिक्स प्रक्षेपाचेच, असे मात्र नाही: कर्णावर 1/2 आणि 3/2, बाकी शून्ये असलेल्या मॅट्रिक्सचेही दोन्ही 2 येतात, पण तिचा वर्ग तीच राहत नाही. वजन चुकून ग्रॅममध्ये आणि किलोतही, असे दोन रकान्यांत भरले, तर स्थिरांकासह रकाने तीन होतात, तरी खरी रँक 2 च. नेहमीच्या सूत्रातले व्यस्त मॅट्रिक्स तेव्हा अस्तित्वातच नसते, पण पूर्णांकनामुळे संगणक कधीकधी भलतेच उत्तर काढून देतो. P² − P शून्याजवळ येत नसेल किंवा ट्रेस 2 भरत नसेल, तर आधी रकाने तपासावेत.