संपीडन गुणोत्तर आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये ११० घनसेंटिमीटर जागा असते आणि तो वर गेल्यावर ११ उरते, तर संपीडन गुणोत्तर r १० होते. ऑटो चक्रात केवळ हवाच आहे असे मानल्यास औष्णिक कार्यक्षमता अशी मिळते:

η = 1 − 1/r^(γ−1)

हवेसाठी γ १.४ धरतात. १० चा ०.४ वा घात सुमारे २.५१, म्हणून कार्यक्षमता ६० टक्के. गुणोत्तर ४ वरून ८ केल्यास ती ४३ वरून ५६ टक्क्यांवर जाते. ८ वरून १२ केल्यास मात्र जेमतेम ६३ वर. प्रत्यक्ष इंजिन याच्या बरेच खाली राहते, कारण उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निसटते. गुणोत्तर फार वाढवले, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिनातून धातूवर ठोकल्यासारखा खडखडाट ऐकू येतो.