थर्मामीटरने लागणारा एन्ट्रॉपीचा हिशेब

एखाद्या पदार्थाचा दाब दाबमापकावर वाचता येतो, तापमान थर्मामीटरवर आणि घनफळ मापी नळीत. एन्ट्रॉपी दाखवणारे मापक मात्र कुठेच मिळत नाही. तरीही पाणी दाबले तर त्याची एन्ट्रॉपी किती घटेल, हे अचूक सांगता येते. त्यासाठी लागणारी चार समीकरणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७१ सालच्या ‘थिअरी ऑफ हीट’ या पुस्तकात मांडली. मॅक्सवेल यांनी ती भूमितीच्या आधाराने काढली होती. आज ती ऊष्मागतिकीय विभवांपासून, म्हणजे ऊर्जेच्या चार वेगवेगळ्या रूपांपासून काढतात आणि ‘मॅक्सवेलचे संबंध’ या नावाने ओळखतात.

सुरुवात आंतरिक ऊर्जेपासून, म्हणजे U पासून होते. पदार्थाला थोडी उष्णता दिली तर ही ऊर्जा वाढते. पदार्थाने प्रसरण पावून बाहेर कार्य केले तर ती घटते. बदल सावकाश, समतोल न बिघडवता केला, तर दिलेली उष्णता T dS इतकी आणि केलेले कार्य P dV इतके असते. म्हणून

dU = T dS − P dV

या ओळीचा अर्थ असा: घनफळ स्थिर ठेवून एन्ट्रॉपी बदलली, तर U ज्या दराने बदलते तो दर म्हणजे तापमान. एन्ट्रॉपी स्थिर ठेवून घनफळ बदलले, तर तो दर म्हणजे उणे दाब. बाकीच्या राशी स्थिर ठेवून काढलेल्या अशा दरालाच आंशिक विकलज म्हणतात.

पुढची पायरी समजण्यासाठी टेकडीचा उतार डोळ्यांपुढे आणावा. एक पाऊल पूर्वेला आणि मग एक उत्तरेला टाकले, किंवा आधी उत्तरेला आणि मग पूर्वेला टाकले, तरी माणूस एकाच जागी पोहोचतो आणि त्या जागेची उंची एकच असते. त्यामुळे पूर्वेकडे सरकताना उत्तरेचा चढ ज्या दराने बदलतो, त्याच दराने उत्तरेकडे सरकताना पूर्वेचा चढ बदलतो. आंतरिक ऊर्जाही अशीच आहे. ती पदार्थाच्या सद्यःस्थितीवर अवलंबून असते, त्या स्थितीला तो कोणत्या वाटेने आला यावर नाही. म्हणून T चा V नुसार बदल आणि −P चा S नुसार बदल हे सारखेच असले पाहिजेत:

(∂T/∂V)_S = −(∂P/∂S)_V

कंसाबाहेरचे अक्षर कोणती राशी स्थिर धरली आहे ते सांगते.

हा पहिला संबंध खरा असला तरी फारसा वापरता येत नाही, कारण एन्ट्रॉपी हातात धरून बदलता येत नाही. प्रयोगशाळेत तापमान स्थिर ठेवणे सोपे असते. म्हणून U मधून TS वजा करून नवी राशी बनवतात; ती हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा, F = U − TS. तिचा बदल काढताना T dS हे पद कापले जाते आणि त्याच्या जागी −S dT येते:

dF = −S dT − P dV

आता स्वतंत्र राशी T आणि V झाल्या. तशीच U मध्ये PV मिळवली की एन्थाल्पी H मिळते आणि तिच्या स्वतंत्र राशी S आणि P असतात. दोन्ही फेरफार एकदम केले की गिब्ज मुक्त ऊर्जा G = U − TS + PV मिळते:

dG = −S dT + V dP

प्रत्येक विभवाला टेकडीचाच नियम लावला की उरलेले तीन संबंध मिळतात:

H पासून: (∂T/∂P)_S = (∂V/∂S)_P
F पासून: (∂S/∂V)_T = (∂P/∂T)_V
G पासून: (∂S/∂P)_T = −(∂V/∂T)_P

शेवटच्या ओळीत डावीकडे मोजता न येणारी गोष्ट आहे, तर उजवीकडे तापवल्यावर पदार्थ किती फुगतो एवढेच आहे. २५ अंश सेल्सिअसच्या एक किलो पाण्याचे उदाहरण घेऊ. एक अंश तापवल्यावर हे पाणी सुमारे ०.२६ घन सेंटिमीटर फुगते, म्हणजे २.६ × १०⁻⁷ घनमीटर. तापमान तेच ठेवून या पाण्यावरचा दाब १०० बारने, म्हणजे १०⁷ पास्कलने वाढवला, तर दोन्ही आकड्यांच्या गुणाकारावरून एन्ट्रॉपी सुमारे २.६ ज्यूल प्रतिकेल्व्हिन इतकी घटते. याला २९८ केल्व्हिनने गुणले की पाण्यातून बाहेर पडणारी उष्णता मिळते; ती सुमारे ७७० ज्यूल भरते.

पाणी दाबण्यासाठी मात्र केवळ २३ ज्यूलच्या आसपास कार्य करावे लागते, कारण पाणी फारच कमी दबते. बाकीची सुमारे ७५० ज्यूल ऊर्जा पाण्याच्या स्वतःच्या आंतरिक ऊर्जेतून येते. दाबलेल्या पाण्याचे तापमान तेवढेच राहते, पण त्याची आंतरिक ऊर्जा कमी होते. हे केवळ अंदाजाने कुणाला सुचले नसते.

चार अंशांखाली गणित उलटे फिरते. तिथे पाणी तापवल्यावर आकुंचन पावते, म्हणून दाबल्यावर त्याची एन्ट्रॉपी वाढते आणि ते बाहेरून उष्णता शोषते. उष्णतेची ये-जा बंद करून असे पाणी दाबले तर ते किंचित थंड होते. जेम्स जूल यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस हा परिणाम प्रयोगाने पाहिला होता.

हे संबंध वापरताना चूक बहुधा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे स्थिर राशी विसरणे: (∂S/∂P)_T आणि (∂S/∂P)_V या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी चूक वजाच्या चिन्हाची. ती पकडायला आदर्श वायू पुरतो. तापमान तेच ठेवून वायूचे घनफळ वाढवले तर त्याची एन्ट्रॉपी वाढते आणि बंद डब्यात तो तापवला तर दाब वाढतो. म्हणून F पासूनच्या संबंधात दोन्ही बाजू धन असल्याच पाहिजेत. याशिवाय P × V आणि T × S या दोन्ही गुणाकारांचे एकक ज्यूल असते, त्यामुळे एककांचा मेळ बसत नसेल तर राशींची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

वरील रूप समतोलातल्या, ठरावीक वस्तुमानाच्या आणि फक्त दाब-घनफळाचे कार्य करणाऱ्या पदार्थापुरते आहे. पृष्ठताण किंवा चुंबकीय क्षेत्र आले की dU मध्ये नवे पद मिळवून संबंध पुन्हा काढावे लागतात. पाणी उकळत असताना G पासूनचा संबंध निरुपयोगी ठरतो, कारण एकाच तापमानाला पाणी आणि वाफ अशी दोन घनफळे असतात आणि त्यांच्यामध्ये विकलजच उरत नाही. F पासूनचा संबंध मात्र टिकतो. १०० अंशांना एक किलो पाण्याची वाफ होताना एन्ट्रॉपी सुमारे ६,०५० ज्यूल प्रतिकेल्व्हिनने वाढते आणि घनफळ सुमारे १.६७ घनमीटरने. भागाकार येतो सुमारे ३,६०० पास्कल प्रतिअंश. समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेचा दाब साधारण ३०० मीटरला तेवढाच घटतो, म्हणून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशाने खाली येतो.