एका एकर भाताचा हिशेब, मजुरीपासून

चौक परिसरात भाताचा खर्च मोजताना शेतकरी बियाणे आणि खताची पावती आधी काढतो. खरा खर्च मात्र बिनपावतीचा असतो: मजुरी.

उदाहरण म्हणून एक एकर कर्जत-३ घेऊ. सोयीसाठी गोल आकडे. २० किलो बियाणे १,००० रुपये, खते ३,०००, ट्रॅक्टरची चिखलणी ३,०००, वाहतूक १,०००. खरिपात पाणी पावसाचे, म्हणून सिंचन शून्य. उन्हाळी भाताला मात्र ते धरावेच लागते.

आता माणसे. लावणीला १४, बेणणीला ६, कापणी-झोडणीला १४. रोज ५०० धरला तर १७,००० रुपये. एकूण खर्च २५,०००, त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त मजुरीचे! घरची माणसे राबली तरी त्यांचा रोज वहीत लिहायचाच, नाहीतर तोटाही नफा दिसतो.

२०२५-२६ चा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे खर्च निघायला साडेदहा क्विंटलच्या वर पीक हवे. १४ क्विंटल आले तर ८,००० च्या आसपास उरतात. तेच भात व्यापाऱ्याला १,९०० ने दिले, तर उरतात जेमतेम १,६००.

हमीभावासाठी ई-पीक पाहणीची नोंद आणि केंद्रावर नाव वेळेत लागते. दाण्यात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर माल अडतो, म्हणून झोडणीनंतर ऊन द्यायला दोन दिवस राखावेत.

तुमच्या गावात यंदा लावणीचा रोज किती? कमेंटमध्ये लिहा, त्यावरून हिशेब मांडून देता येईल.