स्क्रीनशॉटमधल्या रेषा आणि पत्त्यांचा हिशेब

नेटवर्क बसवणाऱ्या माणसाकडे कामाची सुरुवात बहुतेक वेळा एका स्क्रीनशॉटने होते. मूळ फाइल कुणी तरी दोन वर्षांपूर्वी केलेली असते, ती करणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि हातात उरतं ते व्हॉट्सॲपने आक्रसून टाकलेलं चित्र. त्यात गोल चकत्या म्हणजे राउटर, बाण काढलेले चौकोन म्हणजे स्विच आणि मधे रेषांचं जाळं. सोबत निरोप एवढाच, की यावरून पत्ते ठरवून द्या.

नमुन्यादाखल एका लहान कॉलेजचं चित्र असं असू शकतं. R1, R2 आणि R3 हे तीन राउटर एका ओळीत जोडलेले. R1 खाली लॅब असून तिथे S1 आणि S2 हे दोन स्विच एकमेकांना जोडलेले, आणि शेजारी ‘६० संगणक’ अशी टीप. R2 खाली S3 आणि ऑफिसची २८ उपकरणं. R3 खाली S4 आणि ग्रंथालयाचे १२ संगणक. या सगळ्यांसाठी दिलेला पत्त्यांचा गठ्ठा 192.168.10.0/24, म्हणजे २५६ पत्ते. 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ते तसे ठरवले, म्हणून कुणाला न विचारता वापरता येतात.

इथे नवखा माणूस लगेच आकडेमोडीला बसतो. जाणकार आधी यादी करतो, आणि तीही उपकरणांपेक्षा जोडण्यांची. प्रत्येक ओळीत रेषेची दोन्ही टोकं आणि त्या टोकांवरचे पोर्ट लिहायचे. संगणकांच्या तारा बाजूला ठेवल्या तर या चित्रात सहा ओळी होतात: R1–S1, S1–S2, R1–R2, R2–R3, R2–S3, R3–S4. मग पडताळा. चित्रात R2 भोवती तीन रेषा दिसतात, तर यादीतही R2 तीनदाच यायला हवा. दोनदाच आला तर एखादी रेषा दुसरीखाली दडली आहे किंवा चित्राची कड कापली गेली आहे. एकमेकींना छेदणाऱ्या रेषा मधे जोडलेल्या असतातच असं नाही, हेही या मोजणीत उघड होतं.

अक्षरांचा घोळ वेगळा. धूसर चित्रात शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच दिसतात. त्याहून घातक म्हणजे 6 आणि 8. एखाद्या रेषेवर /26 लिहिलंय की /28? डोळे ताणण्यापेक्षा शेजारचे पत्ते बघावेत. त्याच स्विचवर एका संगणकाला .1 आणि दुसऱ्याला .20 लिहिलं असेल, तर ते /28 असणं शक्य नाही, कारण /28 मध्ये १६च पत्ते असतात आणि .1 चा गट .15 ला संपतो.

आता सबनेट किती? चित्रात चार स्विच आहेत, म्हणून चार, असं उत्तर वर्गात हमखास येतं. ते चूक आहे. साधा स्विच नेटवर्क विभागत नाही. विभागतो तो राउटर. तिन्ही राउटर बोटांनी झाकले की चित्राचे जे सुटे तुकडे उरतात तितके सबनेट. लॅबचे दोन स्विच एकमेकांना धरून असल्याने त्यांचा मिळून एकच तुकडा. ऑफिस दुसरा, ग्रंथालय तिसरा. राउटरांमधल्या दोन नुसत्या तारा हे उरलेले दोन. नवख्यांच्या यादीतून नेमक्या याच तारा सुटतात, कारण तिथे कुठलाच संगणक दिसत नाही; पण तारेच्या दोन्ही टोकांना पत्ता लागतोच. एकूण पाच. (स्विचवर व्हीलॅनचे क्रमांक लिहिलेले असतील तर मात्र ही युक्ती पुरत नाही, तेव्हा दर व्हीलॅनला एक सबनेट धरावा लागतो.)

मग येतो आकाराचा प्रश्न, आणि या चित्रातली खरी मेख इथे आहे. /26 मध्ये ६४ पत्ते असतात. पहिला सबनेटच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून वापरायला ६२ उरतात. लॅबमध्ये संगणक ६०, म्हणजे /26 बसला असं वाटतं. पण राउटरच्या पोर्टला एक पत्ता हवा आणि दोन्ही स्विच दुरून सांभाळायचे तर त्यांना एकेक. बेरीज ६३. एका पत्त्यासाठी गाडी अडते आणि लॅबला /25 द्यावा लागतो. ऑफिसचे राउटर आणि स्विच धरून ३० होतात, ते /27 मध्ये काठोकाठ बसतात. ग्रंथालयाचे १४, तेही /28 मध्ये काठोकाठ. कागदावर हे सुंदर दिसतं, पण ऑफिसात एक जादा प्रिंटर आला की संपलं. त्यामुळे दोघांनाही एक पायरी मोठं माप देणं शहाणपणाचं. दोन राउटरांमधल्या तारेला /30 पुरतो. त्यात चारपैकी दोन पत्ते कामाचे.

```
लॅब      192.168.10.0/25
ऑफिस     192.168.10.128/26
ग्रंथालय  192.168.10.192/27
R1-R2    192.168.10.224/30
R2-R3    192.168.10.228/30
```

सर्वांत मोठा गट आधी मांडण्याला कारण आहे. १२८ पत्त्यांचा गट 0 किंवा 128 वरच सुरू होऊ शकतो, ६४चा गट ६४च्या पटीतच. समजा कुणी ग्रंथालयाला आधी 0 ते 31 दिले आणि लॅबला ‘पुढचे’ म्हणून 192.168.10.33 पासून /25 लावला. लॅबचा सबनेट 33 ला सुरू होत नाही. तो 0 ते 127 असाच धरला जातो आणि ग्रंथालयाला गिळतो. हे दोन्ही गट एकाच राउटरवर असते तर ‘overlaps’ अशी सूचना देऊन त्याने अडवलं असतं. इथे ते R1 आणि R3 वर आहेत, त्यामुळे दोघेही मुकाट्याने आज्ञा पाळतात.

या चुकीची खूण ओळखण्याजोगी आहे. लॅबमधले संगणक एकमेकांशी बोलतात, R1 च्या पत्त्यालाही पिंग जातो, फक्त ग्रंथालयाकडून उत्तर येत नाही. लॅबच्या संगणकाला 192.168.10.5 हा आपल्याच खोलीतला वाटतो. तो राउटरकडे जातच नाही, खोलीतच ‘हा पत्ता कुणाचा?’ असं पुकारत बसतो. तार तपासून, राउटर बंद-चालू करून यात काही फरक पडत नाही. अशा वेळी लॅबच्या संगणकावर `arp -a` दिलं, तर त्या पत्त्यासमोर दुसऱ्या टोकाच्या कार्डाचा क्रमांक सापडत नाही.

सबनेट ठरल्यावर आतली वाटणी उरते, ती पटकन होते. पहिला पत्ता राउटरला, पुढचे काही स्विच आणि प्रिंटरला कायमचे, बाकीचे संगणकांना आपोआप वाटायला. ऑफिसपुरतं सांगायचं तर .129 राउटर, .130 स्विच, .139 पर्यंत राखीव आणि .140 ते .190 वाटपासाठी.

या आराखड्यात 232 ते 255 हे २४ पत्ते मोकळे राहतात. R1 आणि R3 यांच्यामध्ये पुढेमागे थेट तार टाकली, म्हणजे R2 बंद पडला तरी लॅब आणि ग्रंथालय एकमेकांना दिसावेत, तर तिला 192.168.10.232/30 देता येतो आणि आधीचा एकही पत्ता बदलावा लागत नाही. चित्रात त्या दोघांमध्ये एक पुसट तुटक रेषा असेल, तर ती पुढच्या तारेची खूण आहे की आक्रसलेल्या चित्रातला डाग, हे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला फोन करूनच विचारावं लागतं.